निगराणी नोंदवही व खाजगीपणाचा हक्क

निगराणी नोंदवही : ज्या व्यक्तीच्या वर्तनावर शासनाला सतत लक्ष ठेवावयाचे असते, अशा व्यक्तींची नावे पोलीस ठाण्यात ज्या पुस्तकात लिहिली जातात ते पुस्तक. अशा प्रत्येक नावासाठी बहुधा एक स्वतंत्र पत्रक उघडले जाते. त्यात व्यक्तीचे वर्णन, नातेवाईक, सोबती, उत्पन्नाचे साधन, येण्याजाण्याच्या जागा व तिच्यावरील खटले यांची माहिती वर्षानुवर्षे साठविली जाते. यास पोलिसी भाषेत ‘हिस्ट्री शीट’ म्हणतात. न्यायालयाची शिक्षा अपराध सिद्ध झाल्यावर व ठराविक मुदतीसाठी असते. निगराणीची नोंद मात्र अधिकाऱ्याच्या समजुतीवरून होते आणि तिला स्वतःची अशी मुदत नसते. म्हणून नाव कोणत्या आधाराने चढते, ते कोणाला दिसते आणि कसे उतरते, या तीन प्रश्नांभोवतीच या विषयाचा कायदेशीर इतिहास घडला आहे. वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यासारख्या ग्रामीण मुलखाच्या संदर्भात तो विशेष स्पष्ट होतो.

गावपातळीवरील नोंदी : वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडण्यात आला. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत या मोठ्या प्रांताचा भाग होता. त्यानंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आला. गावातील माणसांची माहिती शासनापर्यंत पोहोचविण्याचे काम पाटील, पटवारी आणि कोतवाल हे करीत. पटवारी जमिनीचे लेख ठेवी, तर गावातील जन्म व मृत्यू यांची वर्दी देणे हे कोतवालाचे काम असे. या नोंदींचे पुस्तक विदर्भात अद्यापि ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखले जाते. त्यात तारीख, अपत्याचे लिंग व वडिलांचे नाव यांबरोबर जातही लिहिली जाई. गावात नवखा माणूस उतरला किंवा एखादा गावकरी रात्री घरी नसला, तर त्याची बातमी पाटलाला व ठाण्याला देणाराही बहुधा हाच कोतवाल असे. लोकसंख्येची नोंद आणि माणसावरील पाळत ही दोन्ही कामे एकाच हाताने होत होती. गावकऱ्यांच्या दृष्टीने त्यांत स्पष्ट सीमारेषा नव्हती, हे पुढील घडामोडी समजण्यासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

गुन्हेगार जमातींचा कायदा : व्यक्तीऐवजी संपूर्ण समाजाची नोंद करण्याची पद्धत १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने सुरू झाली. हा कायदा प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब यांना लागू होता. १९११ मध्ये त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढविण्यात आली आणि १९२४ च्या कायद्याने मागील तरतुदी एकत्रित झाल्या. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग पद्धतशीरपणे गंभीर गुन्हे करतो, असे मानण्यास कारण आहे असे प्रांतिक सरकारला वाटल्यास त्या जमातीस राजपत्रातील अधिसूचनेने ‘गुन्हेगार’ ठरविता येई. या अधिसूचनेची वैधता तपासण्याचा अधिकार न्यायालयांना नव्हता. न्यायालयास बाहेर ठेवणारी ही तरतूद म्हणजेच या कायद्याचा खरा कणा होय.

अधिसूचनेनंतरची कार्यवाही ठराविक क्रमाने होई. जिल्हा दंडाधिकारी नोंदवही तयार करण्यासाठी एक दिवस व ठिकाण जाहीर करी. जमातीतील लोकांनी तेथे उपस्थित राहून आपली माहिती सांगावी व बोटांचे ठसे द्यावेत, असे बंधन असे. तयार झालेली नोंदवही जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात जाई. नाव चढल्यानंतर ठरलेल्या वेळी हजेरी देणे, राहण्याचे ठिकाण कळविणे आणि ते बदलताना किंवा गाव सोडताना वर्दी देणे हे भाग पडे. अधिक कडक आदेश निघाल्यास माणसाला ठराविक क्षेत्राबाहेर जाण्यास बंदी होई किंवा वसाहतीत राहावे लागे. मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत ठेवण्याचीही तरतूद होती. त्यापुढे एखादा नोंदलेला माणूस चोरी करण्याच्या बेतात आहे असे परिस्थितीवरून न्यायालयास वाटले, तर प्रत्यक्ष चोरी झालेली नसतानाही त्यास शिक्षा देता येई.

बोटांचे ठसे घेण्यास या पद्धतीत विशेष महत्त्व होते. नाव बदलता येते, गाव सोडता येते. परंतु ठसे बदलता येत नाहीत. कोलकाता येथे १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय स्थापन झाल्यावर एका जिल्ह्यातील नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पडताळून पाहणे शक्य झाले. सामान्य कैद्यांच्या बाबतीत मात्र १९२० च्या कैदी ओळख कायद्याने मर्यादा घातली होती. एक वर्ष किंवा अधिक सक्तमजुरीस पात्र असलेल्या गुन्ह्यात अटक झालेल्या अथवा शिक्षा भोगणाऱ्या माणसाचेच मोजमाप घ्यावयाचे होते. पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी खटल्याविना सुटल्यास किंवा निर्दोष ठरल्यास, लेखी कारणे देऊन वेगळा आदेश झाला नसल्यास, ते नष्ट करावे किंवा त्यास परत द्यावे असा नियम होता. म्हणजे अपराधाचा आरोप असलेल्या इतर माणसाला जे संरक्षण मिळत होते, ते ‘गुन्हेगार’ जमातीत केवळ जन्मलेल्या माणसाला मिळत नव्हते.

विदर्भ व मराठवाड्यात भटकंती करून राहणाऱ्या पारधी समाजाचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. ‘पारध’ म्हणजे शिकार. फासे लावून पशुपक्षी धरणारे ते फासेपारधी. जात्यांना टाकी लावून देणारा टाकणकर हाही याच समाजाचा एक गट मानला जातो. शिकार आणि जात्यांचे काम या दोहोंसाठी गावोगाव फिरणे आवश्यक होते. हजेरी व परवान्याची व्यवस्था मात्र स्थायिक माणूस गृहीत धरून रचलेली होती. त्यामुळे उपजीविकेसाठी नेहमीप्रमाणे मुक्काम हलविणे हाच नोंद झालेल्या भटक्या माणसाचा अपराध ठरे. वनांवरील व शिकारीवरील निर्बंध वाढत गेले तसे हे फिरणे अधिकच संशयास्पद मानले जाऊ लागले.

कायदा रद्द, नोंद कायम : अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४९–५० मध्ये या कायद्याची चौकशी केली. त्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. पूर्वीच्या ‘गुन्हेगार’ जमातींना ‘विमुक्त जाती’ ही संज्ञा त्यावरूनच मिळाली. परंतु तेवढ्याने निगराणी संपली नाही. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. त्यात जमातीऐवजी व्यक्ती हा आधार घेण्यात आला. विशिष्ट काळात विशिष्ट गुन्ह्यांसाठी पुनःपुन्हा शिक्षा झालेल्या व्यक्तीचीच नोंद करावयाची होती. तत्त्वतः हा फरक मोठा होता. हजेरी, राहत्या जागेची वर्दी व संचारावरील निर्बंध ही साधने मात्र जवळजवळ जुनीच राहिली.

याखेरीज पोलीस ठाण्यातील निगराणी नोंदवही ही विधिमंडळाच्या कायद्यावर नव्हे, तर पोलीस नियमावलीवर आधारलेली होती. ती नियमावली १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या काळातील विचारांवर उभी होती. तिच्यात जातीचा उल्लेख असण्याची आवश्यकता नव्हती. ‘हा माणूस गुन्हेगारीचे जीवन जगत आहे’ असे अधिकाऱ्यास वाटणे एवढेच पुरेसे होते. एखाद्या वस्तीविषयी पिढ्यानपिढ्या पूर्वग्रह असेल, तर हे वाटणे कोणाविषयी सहज निर्माण होईल हे सांगण्याची गरज नाही.

न्यायालयीन मर्यादांचा उदय : संविधान लागू झाल्यानंतर या नोंदवहीस पहिले महत्त्वाचे आव्हान उत्तर प्रदेशातून मिळाले. खरकसिंग खटल्यातील अर्जदारास दरोड्याच्या संशयावरून पकडण्यात आले होते. पुरावा नसल्याने त्यास सोडण्यात आले, तरीही त्याच्या नावे पत्रक उघडले गेले. पोलीस व चौकीदार रात्री-अपरात्री दार ठोठावून तो घरी आहे की नाही हे पाहत. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९६२ रोजी रात्रीच्या घरभेटींचा नियम रद्द केला. मात्र बहुमताने असेही म्हटले की, संविधानात खाजगीपणाचा हक्क दिलेला नाही. म्हणून माणसाच्या हालचालींवर लक्ष ठेवणे तेवढ्याने अवैध होत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपल्या भिन्नमतात निगराणीचा संपूर्ण नियमच अवैध मानला. आपल्यावर सतत डोळा आहे ही जाणीवच माणसाचे स्वातंत्र्य आकुंचित करते, हा त्यांच्या मताचा गाभा होता.

दुसरा खटला जबलपूर जिल्ह्यातून आला. जबलपूर व बुलढाणा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्यामुळे ‘गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या खटल्यातील तपशिलांवरून या भागातील निगराणीची रीत समजते. मध्य प्रदेश पोलीस नियमावलीच्या ८५५ व्या नियमानुसार, एखादी व्यक्ती गुन्हेगारीचे जीवन जगण्याचा निर्धार दाखविते असे जिल्हा पोलीस अधीक्षकास वाटल्यास तिचे नाव निगराणी नोंदवहीत घालण्याचा आदेश देता येई. ८५६ व्या नियमात निगराणीचे प्रकार दिले होते. ठाणेदाराने त्या माणसाची कीर्ती, सवयी, सोबत, उत्पन्न, खर्च व व्यवसाय यांची वेळोवेळी चौकशी करावी. दिवसा व रात्री, वारंवार पण अनियमित अंतराने त्याच्या घरी जावे. गरजेप्रमाणे घरावर व वाटांवर गुप्त पहारा ठेवावा. तो घराबाहेर गेल्यास कोटवाराने त्याची बातमी द्यावी. ही सर्व माहिती पत्रकात जमा करावी. येथील ‘कोटवार’ म्हणजेच वऱ्हाडातील कोतवाल होय. जन्ममृत्यूची वर्दी देणाऱ्या ग्रामसेवकाकडे माणसाच्या गैरहजेरीची वर्दी देण्याचे काम नियमानेच सोपविलेले होते, असे यावरून दिसते.

न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी १८ मार्च १९७५ रोजी दिलेल्या या निर्णयात नियम रद्द झाले नाहीत. तथापि खाजगीपणाचा हक्क आहे असे गृहीत धरून त्याचा विचार करण्यात आला. तो हक्क निरपवाद नाही, परंतु राज्याचे तितकेच प्रबळ हित असल्याखेरीज तो बाजूस सारता येणार नाही, अशी ही भूमिका होती. घरभेटी व पहारा यांचा वापर केवळ स्पष्ट धोका असलेल्या व्यक्तींपुरताच करावा, असा मर्यादित अर्थ न्यायालयाने नियमांना दिला. अन्यथा हे नियम असांविधानिकतेच्या धोकादायक सीमेपर्यंत जातात, असे सांगून शासनाने जुन्या नियमावलीत सुधारणा करावी असे सुचविले. अर्जदाराच्या हाती त्या दिवशी फारसे काही आले नाही, पण पुढील निर्णयांना आधार मिळाला.

मलकसिंग खटल्यात (५ डिसेंबर १९८०) नोंदवहीच्या गुप्ततेचा प्रश्न होता. नाव घालण्यापूर्वी संबंधितास सूचना द्यावी काय, या प्रश्नास न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निर्णयाने नकारार्थी उत्तर दिले. निगराणी गुप्त असल्याने आधी कळविणे म्हणजे तिचा हेतूच नष्ट करणे होय, हे त्यामागील कारण होते. मात्र त्याच निर्णयाने तीन अटी स्पष्ट केल्या. नाव चढविण्यासाठी वाजवी विश्वासाचा खरा आधार असला पाहिजे. निगराणी इतकी उघड किंवा त्रासदायक होऊ नये की माणसाला प्रतिष्ठेने जगणे अशक्य व्हावे. आणि तक्रार आल्यास न्यायालयास कागद मागवून तो आधार तपासता येईल. ठाण्याचे पुस्तक नागरिकापासून गुप्त असू शकते, न्यायालयापासून नाही, हा या निर्णयाचा मथितार्थ होय. १८७१ च्या कायद्याने न्यायालयास बाहेर ठेवले होते, त्याच्याशी हे ताडून पाहिले म्हणजे झालेला बदल ध्यानात येतो.

पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले व खरकसिंग निर्णयातील त्याविरुद्धचा भाग रद्द केला. या हक्कावर निर्बंध घालावयाचा असल्यास त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि योजलेला उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. या कसोटीवर पाहता केवळ विभागीय नियमावलीवर चालणारी नोंदवही पूर्वीइतकी भक्कम राहत नाही.

माहितीची व्याप्ती व कालमर्यादा : दरम्यान नोंदीचे स्वरूपच बदलले. १९२० चा कायदा रद्द करून केलेला फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम ४ ऑगस्ट २०२२ पासून अंमलात आला. पूर्वी मोजमाप म्हणजे मुख्यतः बोटांचे व पायांचे ठसे होते. आता डोळ्यांची बुबुळे व दृष्टिपटल, जैविक नमुने, सही व हस्ताक्षर यांचाही त्यात समावेश होतो. माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे ठेवता येते. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष ठरल्यास व पुढील सर्व उपाय संपल्यास ती नष्ट करावी लागते, परंतु न्यायालय किंवा दंडाधिकारी लेखी कारणे देऊन वेगळा आदेश देऊ शकतो. जुने पुस्तक एका ठाण्यात असे; ते फाटे, भिजे, अधिकारी बदलला की मागे पडे. संगणकातील नोंद याप्रमाणे विसरली जात नाही आणि एका जिल्ह्यातील शेरा दुसऱ्या जिल्ह्यात क्षणात वाचता येतो. म्हणून नोंद कशी उतरवावी हा तिसरा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने नागरिकास आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचे व पुसून घेण्याचे हक्क दिले, पण सुरक्षा व सुव्यवस्था या कारणांसाठी शासनाने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना सूटही दिली.

२०२४ मधील निर्णय : अमानतुल्ला खान खटल्यात (७ मे २०२४) दिल्लीतील एका आमदाराच्या नावे उघडलेल्या पत्रकात त्याच्या अल्पवयीन मुलांची माहितीही लिहिलेली होती. दिल्ली पोलिसांनी आपल्या स्थायी आदेशात दुरुस्ती केली. त्यानुसार, मुलांनी गुन्हेगारास आश्रय दिल्याचा पुरावा नसल्यास त्यांची माहिती लिहू नये आणि पत्रक हा सार्वजनिक कागद मानू नये. न्यायालयाने तेवढ्यावर न थांबता वरिष्ठ अधिकाऱ्याकडून नोंदींची वेळोवेळी तपासणी व्हावी असे सांगितले आणि सर्व राज्यांना आपापल्या पद्धतींचा फेरविचार करण्यास सुचविले. विमुक्त जातींसारख्या दुर्बल समाजांतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहाने अशा नोंदींत येतात, याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी सुकन्या शांता खटल्यात तुरुंगातील नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. सराईत गुन्हेगाराच्या व्याख्येत विमुक्त जातींचा संदर्भ आणण्यासही मनाई करण्यात आली.

या निर्णयांच्या आधारे सदोष नोंद ओळखता येते. शिक्षा झालेली नसताना केवळ जुन्या अटकांवर आधारलेली नोंद, नातेवाईकांच्या किंवा वस्तीच्या नावावरून उघडलेले पत्रक, वर्षानुवर्षे फेरतपासणी न झालेला शेरा आणि शेजाऱ्यांसमक्ष होणाऱ्या घरभेटी ही अशा नोंदीची लक्षणे होत. अडचण अशी की, गुप्त नोंदीची माहिती बहुधा तिचे परिणाम भोगावयास लागल्यानंतरच मिळते. तालुक्याच्या गावी मजुरी करणाऱ्या माणसाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाणे सोपे नसते.

नोंदीचे दुसरे अंग : शासकीय नोंद नेहमीच अहितकारक असते, असे नाही. जातीचा दाखला मिळविताना अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींतील व्यक्तीस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात फासेपारधी व टाकणकर यांचा समावेश अनुसूचित जमातींत होतो, तर पाल पारधी व राज पारधी यांचा विमुक्त जातींत. यामुळे पूर्वजाच्या नावापुढे कोणता शब्द लिहिला गेला यावर आजच्या पिढीचे शिक्षण व सवलती अवलंबून राहतात. बुलढाण्यासह विदर्भातील जिल्ह्यांत अशा वेळी आधार घेतला जातो तो त्याच कोतवाल बुकाच्या नकलेचा. ज्यांचा मुक्काम एका गावी कधीच नसे त्यांची जन्मनोंद गावाच्या पुस्तकात सापडणे कठीण जाते. संशयाच्या नोंदीत ज्याचे नाव सहज चढले, त्याचेच नाव हक्काच्या नोंदीत मिळत नाही, ही विसंगती या इतिहासातून उरलेली आहे. निगराणीवरील कायदेशीर मर्यादा पहिल्या नोंदीचा प्रश्न काही अंशी सोडवितात. दुसरा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.